कोडमध्ये न सापडणाऱ्या गोष्टी

पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत राजीनामा दिलेल्या माणसाची नोटीस बहुधा 60 किंवा 90 दिवसांची असते. पहिले काही आठवडे हातातली कामं उरकण्यात जातात, त्याच्या जागी नवा माणूस मिळायला आणखी वेळ लागतो आणि ‘केटी’च्या, म्हणजे काम समजावून सोपवण्याच्या मीटिंगा शेवटच्या पंधरवड्यात कशाबशा उरकल्या जातात. जाणारा स्क्रीन शेअर करून बोलत राहतो, येणारा ‘ओके, ओके’ म्हणत राहतो आणि सगळ्याचं रेकॉर्डिंग होतं. पुढे कधीतरी रात्री 11 वाजता सिस्टिम बंद पडते, तेव्हा ती रेकॉर्डिंगं लावून बसायला कुणालाच सवड नसते. त्या वेळी हाताशी लागते ती लिहून ठेवलेली नोंद. चार-पाच पानांची, शब्द टाकून शोधता येणारी, बहुतेकदा कोडच्या शेजारीच `HANDOVER.md` अशा नावाने ठेवलेली.

या नोंदीत तीन गोष्टी याव्यात अशी अपेक्षा असते. कोडची मांडणी कशी आहे, नवी आवृत्ती सर्व्हरवर कशी चढवायची आणि कुठे काय बिघडू शकतं. वरवर पाहता हे कारकुनी काम वाटतं. अडचण अशी की, कोड वाचून जे समजतं ते लिहायची फारशी गरज नसते; आणि जे लिहायलाच हवं ते जाणाऱ्याच्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यात सांगण्यासारखं काही आहे, हे त्याला सुचतही नाही.

हे नीट कळण्यासाठी एक नमुना घेऊ. समजा, तालुक्याच्या गावी एक पतसंस्था आहे. तिचे पिग्मी एजंट दिवसभर दुकानादुकानांतून ठेव गोळा करतात, मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये नोंद करतात आणि संध्याकाळी 5 ते 8 या वेळात दिवसाची वसुली सर्व्हरवर पाठवतात. मध्यरात्री ‘डे-एंड’ चालतो. तो दिवसाचा हिशेब बंद करतो आणि ठेवींवरच्या व्याजाची तरतूद मांडतो. ठेवीदाराला पैसे जमा झाल्याचा एसएमएस जातो. हे सगळं सॉफ्टवेअर गेली काही वर्षं एकच डेव्हलपर सांभाळत होता. तो आता निघाला आहे.

घराचा नकाशा आणि बंद खोली

सगळा कोड ज्या एका ठिकाणी ठेवलेला असतो, त्याला रिपॉझिटरी म्हणतात. बोलताना नुसतं ‘रेपो’. आपल्या नमुन्यातल्या रेपोत वरवर एवढंच दिसतं:

```
pigmy/
  agent_app/
  api/
  jobs/
  old_sms/
  alembic/
  deploy/
```

नोंद लिहिणारे पुष्कळ जण इथे प्रत्येक फोल्डरपुढे एकेक ओळ लिहितात: ‘`api` मध्ये एपीआय आहे’, ‘`jobs` मध्ये जॉब आहेत’. नव्या माणसाला हे नावावरूनही कळलं असतं. त्याला हवं असतं ते वाचायला सुरुवात कुठून करायची याचं उत्तर, आणि ते देण्याची चांगली रीत म्हणजे एका पावतीचा प्रवास लिहून काढणं. एजंटाने 100 रुपयांची नोंद केली की ती `agent_app` मध्ये फोनवरच साठते. रेंज मिळाली की `api/collections.py` तिला स्वीकारून डेटाबेसमध्ये लिहितो. मध्यरात्री `jobs/day_end.py` ती उचलून खात्यावर चढवतो. ‘ठेवीदाराची शिल्लक चुकली’ अशी तक्रार आली तर याच तीन जागा, याच क्रमाने पाहायच्या. अर्ध्या पानात मावणारा हा मजकूर नव्या माणसाचे आठ दिवस वाचवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे `old_sms`. नावावरून वाटतं, जुना कोड आहे, उडवून टाकावा. नवा माणूस साफसफाईच्या उत्साहात पहिल्या महिन्यातच तो काढू शकतो. काढण्याआधी त्याने एक साधी आज्ञा चालवली, तर वेगळंच चित्र दिसेल:

```
$ git grep -n old_sms
jobs/day_end.py:7:from old_sms.utils import is_holiday
```

म्हणजे एसएमएस पाठवण्याचं काम तिथून कधीच निघून गेलं आहे, पण सुट्ट्यांची यादी अजून त्याच फोल्डरात आहे आणि रोजचा डे-एंड तिच्यावर अवलंबून आहे. या आज्ञेलाही मर्यादा आहे. रेपोच्या बाहेर, सर्व्हरवर कुणी एखादी स्क्रिप्ट लिहून ठेवली असेल आणि ती या फोल्डरातली फाइल वापरत असेल, तर `git grep` ला ते दिसणार नाही. ते फक्त जाणाऱ्यालाच ठाऊक असतं. म्हणून नोंदीत कोणता कोड मेलेला आहे, कोणता मेल्यासारखा दिसतो पण जिवंत आहे आणि कोणता मेलेला असूनही अजून सर्व्हरवर पडून आहे, असे तीन वेगळे रकाने हवेत.

तिसऱ्या रकान्याची किंमत अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने मोजली. तिच्या ऑर्डर पाठवणाऱ्या प्रणालीत ‘पॉवर पेग’ नावाची एक जुनी सोय होती. कंपनीने 2003 मध्ये तिचा वापर थांबवला, पण कोड काढला नाही. एका मोठ्या ऑर्डरचे तुकडे बाजारात पाठवताना किती शेअर झाले ते मोजायचं आणि पुरे झाले की थांबायचं, हे काम करणारा भाग 2005 मध्ये दुसरीकडे हलवण्यात आला. त्यानंतर पॉवर पेग नीट चालतो का, हे कुणी तपासलं नाही. वापरातच नव्हता, मग कोण तपासणार? 2012 मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या एका नव्या योजनेसाठी नवा कोड लिहिला गेला आणि तो सुरू करण्यासाठी जी खूण वापरायची ठरली, ती पूर्वी पॉवर पेग सुरू करणारी खूण होती. नव्या कोडने जुना कोड पुसला जाणार होता, त्यामुळे त्यात धोका आहे असं वाटलं नसावं. अट एकच होती. नवा कोड प्रत्येक सर्व्हरवर पोहोचायला हवा होता.

आठपैकी सात

सर्व्हर आठ होते. जुलैच्या अखेरीस टप्प्याटप्प्याने कोड चढवताना एक सर्व्हर राहून गेला. काम झालं की दुसऱ्या कुणी ते तपासायचं, अशी लेखी पद्धत कंपनीत नव्हती, असं अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने, म्हणजे एसईसीने, नंतर आपल्या आदेशात नोंदवलं. 1 ऑगस्ट 2012 रोजी सकाळी 9:30 ला बाजार उघडला. सात सर्व्हरांनी नवा कोड चालवला. आठव्याने त्याच खुणेवरून नऊ वर्षं झोपलेला पॉवर पेग जागा केला, आणि किती शेअर झाले ते मोजणारं त्याच्याजवळ आता काहीच नव्हतं.

ग्राहकांच्या अवघ्या 212 ऑर्डर या सर्व्हरवर आल्या होत्या. त्या पुऱ्या करताना सुमारे 45 मिनिटांत 154 कंपन्यांच्या शेअरांत 40 लाखांहून अधिक सौदे झाले. कंपनीचं नुकसान 46 कोटी डॉलरांच्या वर गेलं. गोंधळाच्या भरात तंत्रज्ञांना नव्या कोडचा संशय आला, म्हणून त्यांनी तो बरोबर चाललेल्या सात सर्व्हरांवरून काढला. त्यामुळे तिथेही जुना पॉवर पेग जागा झाला आणि आग आणखी पसरली. पुढच्या वर्षी ही कंपनी गेटको या दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, आणि ऑक्टोबर 2013 मध्ये एसईसीने तिला 1 कोटी 20 लाख डॉलरांचा दंड केला.

आपल्या पतसंस्थेत सर्व्हर दोनच, `app1` आणि `app2`. नोंदीतला ‘डिप्लॉयमेंट’चा भाग बहुधा असा दिसतो:

```
ssh deploy@app1
cd /srv/pigmy
pg_dump -Fc pigmy > /backup/before_v2.14.dump
git fetch --tags
git checkout v2.14
venv/bin/pip install -r requirements.txt
venv/bin/alembic upgrade head
sudo systemctl restart pigmy-api
```

आज्ञा बरोबर आहेत. डेटाबेसची प्रत काढा, नवी आवृत्ती आणा, तिला लागणारे घटक बसवा, डेटाबेसच्या रचनेत बदल करा, प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा. पण एवढ्याच आठ ओळींवर कुणाला सोडलं, तर त्याला प्रत्येक ओळीनंतर पडद्यावर काय दिसायला हवं हे कळणार नाही. चांगल्या नोंदीत याच ओळींच्या मध्ये साधी वाक्यं असतात. ‘प्रत काढायला साधारण चार मिनिटं लागतात आणि फाइल 1 जीबीच्या आसपास भरते. काही केबीचीच दिसली, तर पुढे जाऊ नका.’ ‘`alembic` ची आज्ञा फक्त `app1` वर चालवायची. डेटाबेस दोघांचा एकच आहे.’ ‘संध्याकाळी 5 ते 8 मध्ये काहीही चढवायचं नाही, एजंट वसुली पाठवत असतात.’ यातलं शेवटचं वाक्य कोडच्या एकाही फाइलीत सापडणार नाही. ते पतसंस्थेच्या कामाच्या रीतीत आहे.

मग तपासणी. दोन्ही सर्व्हरांवर `git describe --tags` चालवलं की डिस्कवर कोणती आवृत्ती आहे ते कळतं. पण `app2` वर शेवटची ‘रिस्टार्ट’ची ओळ राहून गेली, तर डिस्कवर नवी आवृत्ती आणि मेमरीत चालणारा प्रोग्रॅम मात्र जुना, अशी स्थिती होते. डिस्क पाहणारी तपासणी ‘सगळं ठीक’ म्हणते आणि दर दुसऱ्या एजंटाला जुनं वागणं दिसतं. तक्रारही मोठी फसवी येते: ‘कधी चालतं, कधी चालत नाही.’ म्हणून चालू प्रोग्रॅमलाच त्याची आवृत्ती विचारायची:

```
curl -s http://app1:8000/version
curl -s http://app2:8000/version
```

दोन्हींचं उत्तर `v2.14` आलं की मगच काम झालं म्हणायचं. आणि हे उत्तर शक्यतो दुसऱ्या माणसाने पाहायचं.

मागे फिरण्याची वाटही याच भागात लिहावी लागते, आणि तिथे एक खाचखळगा असतो. कोड मागे नेणं सोपं आहे, `git checkout v2.13` एवढंच. डेटाबेस तसा मागे जात नाही. नव्या आवृत्तीने एखादा रकाना काढून टाकला असेल, तर परत आलेला जुना कोड तो रकाना शोधेल आणि कोसळेल. म्हणून जाणकार माणूस नोंदीत नियम लिहून ठेवतो की रकाना काढायचा असेल, तर दोन आवृत्त्यांत काढा. पहिल्या आवृत्तीत त्याचा वापर थांबवा, ती आठवडाभर सुरळीत चालू द्या, मग दुसऱ्या आवृत्तीत तो काढा. असं केलं की एक पाऊल मागे येण्याची वाट नेहमी मोकळी राहते. नाइट कॅपिटलच्या तंत्रज्ञांनी त्या सकाळी मागे जाण्याचाच प्रयत्न केला होता, पण मागे नक्की काय दडलं आहे हे त्यांच्यासमोर लिहिलेलं नव्हतं.

साडेसहाचं कोडं

जोखमींच्या यादीत सगळ्यात धोकादायक असतात त्या चुकीच्या दिसणाऱ्या पण बरोबर असणाऱ्या गोष्टी. आपल्या नमुन्यात डे-एंड कधी चालवायचा हे सर्व्हरवरच्या ‘क्रॉन’ या वेळापत्रकात लिहिलेलं आहे:

```
30 18 * * * cd /srv/pigmy && venv/bin/python -m jobs.day_end
```

सुरुवातीचे दोन आकडे म्हणजे मिनिटं आणि तास. नव्या माणसाने वाचलं, तर त्याला दिसेल: संध्याकाळी 6:30. त्याला तर सांगितलं होतं की डे-एंड मध्यरात्री चालतो! बहुतेक जुन्याची चूक असणार, दुरुस्त करू, असं म्हणून तो `0 0` लिहितो. दुसऱ्या दिवशी काहीही बिघडलेलं दिसत नाही. बिघाड सुरू मात्र झालेला असतो.

सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. तिथले 18:30 म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे 12. दिवस नुकताच संपलेला असतो, एजंटांची वसुली पूर्ण आलेली असते. यात एक दुसरी गोष्टही दडलेली आहे. प्रोग्रॅम हिशेबावर तारीख घालताना ‘आजची तारीख’ सर्व्हरच्या घड्याळाला विचारतो. आपल्याकडे 1 एप्रिल सुरू झाला, तरी त्या क्षणी यूटीसीत 31 मार्चची संध्याकाळच असते. त्यामुळे 31 मार्चच्या वसुलीवर 31 मार्च हीच तारीख पडते. वेळ आणि तारीख दोन्ही बरोबर येतात, पण ती एकमेकींच्या आधाराने.

आता `0 0` केलं की डे-एंड आपल्या पहाटे 5:30 ला चालेल आणि तेव्हा यूटीसीतही तारीख बदललेली असेल. रोजचा हिशेब एका दिवसाने पुढच्या तारखेवर पडायला लागेल. एरवी हे कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही. येईल ते मार्चअखेरीस, कारण 31 मार्चची वसुली आणि त्यावरची तरतूद 1 एप्रिलच्या तारखेने, म्हणजे नव्या आर्थिक वर्षात जाऊन बसेल आणि लेखापरीक्षकाचा ताळेबंद जुळणार नाही. आणखी एखाद्याने ‘सर्व्हरचं घड्याळच भारतीय वेळेवर लावू’ असं ठरवून क्रॉनची ओळ तशीच ठेवली, तर डे-एंड खरोखरच संध्याकाळी 6:30 ला, अर्धी वसुली यायची असतानाच चालेल.

हे सगळं समजायला नोंदीत चार वाक्यं पुरतात: ‘18:30 ही यूटीसीतली वेळ आहे, आपल्याकडची मध्यरात्र. तारीख सर्व्हरच्या घड्याळावरून घेतली जाते. यापैकी एकच गोष्ट बदलू नका. बदलायचंच असेल, तर आधी `day_end.py` मध्ये भारतीय वेळ आणि हिशेबाची तारीख स्पष्ट लिहा, मग क्रॉन बदला.’ शक्य असेल तर हीच वाक्यं क्रॉनमध्ये त्या ओळीच्या वर `#` घालूनही लिहावीत. दुरुस्ती करायला निघालेला माणूस नोंद उघडेलच असं नाही, पण ती ओळ तो नक्की पाहील.

दुसरी जोखीम खास आपल्याकडची आहे. भारतात कंपन्या जे एसएमएस पाठवतात, त्यांचा मजकूर दूरसंचार कंपन्यांच्या ‘डीएलटी’ पोर्टलवर आधी नोंदवावा लागतो. पाठवलेला मजकूर नोंदवलेल्या साच्याशी जुळला नाही, तर तो वाटेतच अडवला जातो. 8 मार्च 2021 रोजी ही तपासणी कडकपणे सुरू झाली, तेव्हा देशभर बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले आणि ट्रायला ती सात दिवस थांबवावी लागली. आपल्या नमुन्यात काय होईल पाहा. नव्या डेव्हलपरला संदेशात ‘आपल्या खात्यात’च्या जागी ‘तुमच्या खात्यात’ बरं वाटतं, तो कोडमध्ये तसा बदल करतो. चाचणी पास होते. एसएमएस देणाऱ्या कंपनीचा सर्व्हरही ‘संदेश स्वीकारला’ असं उत्तर देऊ शकतो, कारण अडवणूक त्याच्या पुढच्या टप्प्यावर होते. लॉगमध्ये सगळं हिरवं. सकाळी ठेवीदार एजंटाला विचारतात, ‘काल पैसे दिले, मेसेज का नाही आला?’

म्हणून जोखीम लिहिताना नुसता इशारा देऊन भागत नाही. ती कुठे दिसेल, तिच्याआड खरं कारण काय आणि हात कुठे घालायचा, हे तिन्ही लिहावं लागतं. ‘एसएमएसचा मजकूर जपून बदला’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘मजकूर बदलण्याआधी डीएलटीवर नवा साचा मंजूर करून घ्या, त्याचा क्रमांक `deploy/sms.toml` मध्ये घाला. स्वीकारलेल्या नव्हे, पोहोचलेल्या संदेशांचा अहवाल पाहा,’ हे उपयोगाचं.

‘बॅकअप रोज होतो’

जवळजवळ प्रत्येक हस्तांतराच्या नोंदीत हे वाक्य असतं आणि वाचणारा त्यावर विश्वास ठेवतो. त्यात काय राहून जातं, हे गिटलॅबच्या अनुभवावरून कळतं. जगभरचे प्रोग्रॅमर आपला कोड जिथे ठेवतात, अशा सेवांपैकी ही एक. 31 जानेवारी 2017 च्या रात्री मुख्य डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवर होणारी नक्कल अडकली होती. एक अभियंता त्या दुसऱ्या सर्व्हरवरची डेटाची डिरेक्टरी पुसून नव्याने सुरुवात करायला गेला आणि त्याची आज्ञा मुख्य सर्व्हरवर चालली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबीपैकी 4.5 जीबी उरले होते.

मग बॅकअप शोधायला सुरुवात झाली. `pg_dump` ने रोज प्रत काढली जात होती असा समज होता, पण डेटाबेस पोस्टग्रेच्या 9.6 आवृत्तीवर होता आणि प्रत काढणारा प्रोग्रॅम 9.2 आवृत्तीचा निघाला. आवृत्ती जुळत नाही म्हणून तो रोज चूक दाखवून थांबत होता. तशी सूचना देणारे ईमेलही जात होते, पण ते पाठवणाऱ्याची ओळख पटत नाही म्हणून नाकारले जात होते. ज्या क्लाउड फोल्डरात प्रती असायला हव्या होत्या, तो रिकामा होता. शेवटी कामी आली ती एका अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत. त्या सहा तासांतले निदान 5,000 प्रकल्प, तेवढ्याच प्रतिक्रिया आणि सुमारे 700 नवी खाती परत मिळाली नाहीत. गिटलॅबने हे सगळं स्वतःच जाहीरपणे मांडलं, म्हणून ते आज इतकं तपशिलात माहीत आहे.

बॅकअप होतो हा नुसता दावा असतो. त्यातून डेटा परत उभा करून पाहिला, तर तो पुरावा होतो. म्हणून नोंदीत ‘रोज रात्री 2 वाजता बॅकअप’ याच्या जागी हवं ते असं: शेवटची प्रत कोणत्या तारखेला रिकाम्या मशीनवर परत उभी केली, किती वेळ लागला, आणि नंतर कोणत्या खात्याची शिल्लक ताडून पाहिली. ती तारीख सहा महिन्यांपूर्वीची असेल, तर तेही लपवू नये. येणाऱ्याचं पहिलं काम काय, हे त्यावरून त्याला कळतं.

कागदाची मर्यादा

डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी 1985 च्या ‘प्रोग्रॅमिंग अ‍ॅज थिअरी बिल्डिंग’ या निबंधात एक उदाहरण दिलं आहे. एका गटाने एक कंपायलर तयार केला, दुसऱ्या गटाने तो वाढवायला घेतला. पहिल्या गटाने पूर्ण कोड, भरपूर कागदपत्रं आणि वर सल्लाही दिला. तरी दुसऱ्या गटाने सुचवलेल्या बदलांत असं आढळलं की कंपायलरच्या रचनेत आधीच असलेली सोय त्यांना दिसलीच नव्हती. ते बाहेरून ठिगळं लावत होते. नाउर यांचं म्हणणं असं की प्रोग्रॅम कसा आणि का असा आहे याची समज करणाऱ्यांच्या डोक्यात असते आणि ती कागदावर पूर्ण उतरत नाही.

हे मान्य केलं, तर नोटीसच्या काळाचा वापर बदलतो. जाणाऱ्याने करून दाखवण्याऐवजी येणाऱ्याने करायचं आणि जाणाऱ्याने हात मागे बांधून शेजारी बसायचं. कोऱ्या लॅपटॉपवर नवा माणूस नोंद उघडतो आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात करतो. तो जिथे अडतो, तिथे जाणाऱ्याने तोंडी उत्तर देऊन पुढे जायचं नाही. उत्तर आधी नोंदीत लिहायचं, मग नव्याने ते वाचून पुढे जायचं. ‘हा पासवर्ड कुठे आहे?’ असं विचारलं गेलं, तर उत्तर पासवर्डाचं नसतं, तो कोणत्या पासवर्ड मॅनेजरमध्ये, कोणत्या नावाने आहे आणि तिथे प्रवेश कोण देतो, याचं असतं. पासवर्ड स्वतः नोंदीत कधीच लिहायचा नाही. रेपोत एकदा गेलेला मजकूर पुसला, तरी जुन्या इतिहासात राहतोच.

यानंतरची पायरी अनेक ठिकाणी शेवटच्या दिवशी संध्याकाळी पार पडते, पण ती आठवडाभर आधी घ्यायला हवी. जाणाऱ्याची सगळी खाती बंद करायची आणि काय काय थांबतं ते पाहायचं. वर्षानुवर्षं एकाच माणसाने सांभाळलेल्या सिस्टिममध्ये त्याच्या नावाने चालणाऱ्या गोष्टी नेहमी निघतात आणि त्या त्याला स्वतःलाही आठवत नसतात. आपल्या नमुन्यात खातं बंद केल्याच्या रात्रीच बॅकअप क्लाउडवर जायचा थांबेल, कारण तो त्याच्या वैयक्तिक टोकनवर जात होता. डीएलटी पोर्टलमध्ये शिरायला लागणारा ओटीपी अजून त्याच्याच मोबाइलवर येत असल्याचं कळेल. पतसंस्थेच्या डोमेनचं नूतनीकरण करण्याची सूचना त्याच्या खासगी जीमेलवर जाते, हेही बाहेर पडेल. अ‍ॅप जुनं असेल आणि त्यावर सही करण्याची किल्ली कंपनीने स्वतःजवळच ठेवलेली असेल, तर ती फाइल त्याच्या लॅपटॉपवर तर नाही ना, हे लॅपटॉप परत करून पुसला जाण्याआधी विचारायचं. ती किल्ली हरवली, तर त्याच नावाच्या अ‍ॅपला प्ले स्टोअरवर पुढची आवृत्ती देता येत नाही आणि प्रत्येक एजंटाच्या फोनवर नवं अ‍ॅप बसवत फिरावं लागतं.

यातली प्रत्येक गोष्ट संस्थेच्या नावाच्या खात्यावर, शक्यतो दोन जणांना उघडता येईल अशी हलवायची आणि ती कुठे हलवली ते नोंदीत घालायचं. ही शेवटची भर नव्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहावी, आणि जाणाऱ्याने कार्यालयात असेपर्यंत ती एकदा वाचून काय राहिलं ते सांगावं.